प्लेटलेट्स कमी म्हणून प्लेटलेट्स चढवा?

मा. संपादक,

परवाच्या अंकातली 'प्लेटलेट्स वेळेत न मिळाल्याने तरुणीचा मृत्यू' ही बातमी वाचली. तिच्या घरच्यांच्या दुःखाबद्दल मी काय बोलणार? पण तिसऱ्या परिच्छेदात आजाराचं नाव टीटीपी, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट्स संपत जाण्याचा आजार, असं छापलंय आणि तरीही सगळा ठपका प्लेटलेट्सच्या पिशव्या न मिळण्यावर ठेवलाय. टीटीपीमध्ये प्लेटलेट्स देणं शक्यतो टाळतात. एखाद्या रक्तविकारतज्ज्ञाला फोन करून हे विचारता आलं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार झाला, म्हणून इतक्या तिडिकीने लिहितेय. पायांवर लाल ठिपके, प्रचंड थकवा, आणि एका संध्याकाळी अर्धा तास शब्दच सापडेनात. मग आपोआप नीट. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स १४ हजार, हिमोग्लोबिन ७.८, पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच कितीतरी पट वाढलेलं आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या मात्र व्यवस्थित. प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन एकदम घसरलेत आणि गोठण्याच्या चाचण्या ठीक आहेत, एवढ्यावरूनच जाणत्या डॉक्टरच्या मनात शंका यायला हवी. पहिल्या रुग्णालयात सगळ्यांचं लक्ष फक्त १४ हजारांवर. मानेतल्या शिरेत मोठी नळी घालायची होती, तर 'आधी ५० हजार करा, मगच हात लावू' म्हणाले. आम्ही दाते शोधत पळत होतो. पिशव्या चढवल्या, आकडा जेमतेम हलला आणि त्याच रात्री तिची वाचा पुन्हा गेली. ते प्लेटलेट्समुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण हा आजार उपचाराविना तसाही याच दिशेने जातो. पण पिशव्यांच्या मागे गेलेली ती वेळ माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी रक्ताची काचपट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मलाही दाखवली. गोल लाल पेशींच्या जागी शिरस्त्राणासारखे, टोकेरी तुकडे. मग त्यांनी समजावलं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून फॉन विलेब्रांड फॅक्टर नावाच्या प्रथिनाच्या लांबलचक, चिकट साखळ्या बाहेर पडतात. अ‍ॅडॅम्ट्स-१३ नावाचं विकर कात्रीसारखं त्यांचे तुकडे करत असतं. बहिणीच्या शरीराने या विकराविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली होती. साखळ्या न कापता तशाच राहिल्या, प्लेटलेट्स त्यांना चिकटत गेल्या आणि मेंदूतल्या, हृदयातल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्या. लाल पेशी त्या फटींतून जाताना फाटतात. म्हणजे प्लेटलेट्स तयार होत नव्हत्या असं नाही, त्या गुठळ्यांत खर्ची पडत होत्या. विकर नसताना बाहेरून आणखी प्लेटलेट्स घातल्या तर त्या गुठळ्यांत भर पडण्याची भीती असते. त्यांनी हेही सांगितलं की हा धोका नेमका किती, याचा पुरावा फार पक्का नाही. जिवावर बेतणारा रक्तस्राव, विशेषतः मेंदूत, असेल तर प्लेटलेट्स देतातही. नुसता आकडा कमी आहे म्हणून किंवा नळी घालायची म्हणून देत नाहीत. त्यांच्याकडे सोनोग्राफीत पाहून अनुभवी हाताने नळी घातली, एकही पिशवी न चढवता.

खरा उपचार म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज. रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्यांचा घालायचा. प्रतिपिंडं निघून जातात आणि विकर मिळतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात सहा महिन्यांत एक्स्चेंजच्या गटातले ५१ पैकी ११ रुग्ण दगावले, तर नुसता प्लाझ्मा चढवलेल्यांतले ५१ पैकी १९. त्याआधीच्या काळात काहीच न करता सोडलेले बहुतेक सगळे जात. सोबत स्टेरॉइड आणि पुढे प्रतिपिंडं बनणं रोखणारं रिटुक्सिमॅब हे औषध देतात. विकराच्या चाचणीचं रक्त मात्र प्लाझ्मा सुरू करण्याआधी काढून ठेवावं लागतं, कारण दात्याचं विकर मिसळलं की निकाल फसवा येतो. बहिणीचं विकर ५ टक्क्यांहून कमी निघालं. निकालासाठी मात्र बाई थांबल्या नाहीत. काचपट्टी पाहिली त्याच रात्री यंत्र सुरू केलं, आणि रोज एक्स्चेंज होत होत प्लेटलेट्स दीड लाखांवर गेल्या.

तेव्हा त्या तरुणीच्या बाबतीत तुमच्या वार्ताहराने विचारायला हवं होतं ते असं: काचपट्टी कोणी पाहिली, केव्हा पाहिली, आणि प्लाझ्मा एक्स्चेंजची सोय असलेल्या ठिकाणी तिला का हलवलं नाही? तिथे उशीर झाला असेल तर ती बातमी पहिल्या पानावर घ्या.

आणि त्याच बातमीखाली 'प्लेटलेट्स वाढवण्याचे घरगुती उपाय' अशी चौकट टाकायचं कोणाच्या मनात आलं? घरात असा रुग्ण असलेला माणूस ती वाचून दोन दिवस घरीच थांबला तर? कृपया दुरुस्ती छापा, आणि ती चौकट जेवढ्या जागेत होती तेवढ्याच जागेत छापा.

आपली,
एक वाचक