अग्निविमा दाव्यात मालाचे मूल्य दोन वेगळ्या मापांनी धरल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
अग्निविमा दावे विभाग

विषय: दुकानातील मालाच्या दाव्यात न्यून विम्यापोटी केलेली जादा कपात

महोदय,

माझ्या दुकानाला लागलेल्या आगीच्या दाव्यावर आपल्या कार्यालयाने जी रक्कम मंजूर केली आहे, ती मला मान्य नाही. मालासाठी पॉलिसीत 12 लाखांची विमा रक्कम होती. जळालेला आणि पाण्याने खराब झालेला माल खरेदी किमतीने 4 लाखांचा होता आणि त्याबद्दल सर्वेक्षकांचे व माझे दुमत नाही. दुकानातील एकूण माल मात्र त्यांनी 20 लाखांचा धरला, म्हणजे विमा फक्त साठ टक्के मालाचाच होता असे ठरवले आणि सरासरीची अट लावून 2 लाख 40 हजारच देय दाखवले.

सरासरीच्या अटीला माझा विरोध नाही. एकूण मालाच्या मानाने विमा कमी असेल, तर नुकसानीतला तेवढा वाटा दुकानदाराने सोसायचा, हे पॉलिसीत स्पष्ट लिहिले आहे. माझा आक्षेप 20 लाखांच्या आकड्याला आहे. हा आकडा बिलिंगच्या संगणकातून काढलेल्या यादीतला असून त्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे विक्रीची किंमत असते. नुकसान मोजताना खरेदी किंमत आणि एकूण माल मोजताना विक्री किंमत, असे एकाच दाव्यात दोन तराजू वापरले गेले. त्यामुळे न झालेला नफाही विम्याच्या मालात मोजला गेला आणि न्यून विमा होता त्याहून मोठा दिसू लागला.

खरा आकडा हिशेबाच्या वह्यांतून सहज निघतो. मागील वर्षअखेरीचा शिल्लक माल खरेदी किमतीने 9 लाखांचा होता. त्यानंतर आगीच्या दिवसापर्यंत 31 लाखांची खरेदी आणि 30 लाखांची विक्री झाली. माझा ढोबळ नफा विक्रीच्या वीस टक्के असल्याने विकलेल्या मालाची खरेदी किंमत 24 लाख होते. 9 आणि 31 मिळून 40 लाखांतून हे 24 वजा केले की 16 लाख उरतात. सर्वेक्षकांच्या 20 लाखांतून वीस टक्के नफा काढला तरी नेमके 16 लाखच येतात, त्यामुळे मोजणीत चूक नसून किंमत चुकीची घेतली आहे हे उघड आहे. 16 लाखांच्या मालावर 12 लाखांचा विमा म्हणजे पंचाहत्तर टक्के, आणि 4 लाखांच्या नुकसानीवर 3 लाख देय होतात. फरक 60 हजारांचा आहे.

उरलेल्या पंचवीस टक्क्यांचा प्रश्नही मी सोडून देत नाही. प्रस्ताव अर्जातील रक्कम आपल्या प्रतिनिधींनी सुचवली होती. ताळेबंदातला 9 लाखांचा शिल्लक माल पाहून त्यांनी त्यात थोडी भर घातली आणि सगळा माल काही एकदम जळत नाही, तेव्हा एवढे पुरे, असे सांगितले. वर्षअखेरीस दुकानदार माल मुद्दाम कमी करतो, तर हंगामाच्या तोंडावर तो भरून ठेवतो, ही गोष्ट विमा विकणाऱ्याला ठाऊक असायला हवी. विमा रक्कम वर्षातल्या सर्वाधिक साठ्यावरून ठरवायची असते. शिवाय सरासरीची अट खरी जाचते ती थोडा माल जळाल्यावरच. सगळा माल जळाला असता तर मला पूर्ण 12 लाख मिळाले असते, पण एक कोपरा जळाला म्हणून त्या कोपऱ्याची पूर्ण भरपाई नाही. प्रतिनिधींचा सल्ला या अटीच्या नेमका उलट होता.

साठा सतत वरखाली होत असेल, तर कमाल मूल्यावर विमा घेऊन ठरावीक मुदतीने साठ्याचे मूल्य कळवायचे आणि शेवटी हप्त्याचा हिशेब करायचा, अशी डिक्लरेशन पॉलिसीही असते. ती माझ्या दुकानाला लागू झाली असती की नाही, हे सांगण्याचे कामही प्रतिनिधींचेच होते. ती मिळण्यासारखी नव्हती, तर हंगामापूर्वी एंडोर्समेंट करून रक्कम वाढवता येते एवढे तरी सांगायचे. 12 ऐवजी 16 लाखांचा विमा घेतला असता, तर त्याच दराने मालाचा हप्ता एकतृतीयांशाने वाढला असता, आणि तो मी आनंदाने भरला असता.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, एकूण मालाचे मूल्य खरेदी किमतीने 16 लाख धरून दाव्याची फेरगणना करावी आणि राहिलेले 60 हजार द्यावेत. सर्वेक्षण अहवालाची व प्रस्ताव अर्जाची प्रत मला द्यावी आणि विमा रक्कम कोणत्या आधारावर सुचवली याचा खुलासा प्रतिनिधींकडून लेखी घ्यावा. मागणी अमान्य असल्यास एकूण मालाला विक्री किंमत लावण्याचा आधार पॉलिसीतील कोणत्या कलमात आहे, ते कलम उद्धृत करून लेखी कळवावे. खरेदी-विक्रीच्या नोंदी, पुरवठादारांची बिले आणि ताळेबंद यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
(पॉलिसीधारक)