उड्डमेथीतले तांदूळ

म्हार्दोळ, फोंडा

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मे महिन्याच्या सुट्टीत आजीच्या स्वयंपाकघरात बसून तू केलेली ध्वनिमुद्रणे मी सगळी ऐकली. त्यांतले बांगड्याच्या उड्डमेथीचे मुद्रण मी पुन्हा ऐकले, आणि हे पत्र त्याच्याविषयीच आहे. माझ्या आईच्या हातची उड्डमेथी मी जन्मभर खात आलो. परंतु तिच्यात तांदूळ का असतात हे मला तुझ्यामुळे आता कळले.

आजी कोणतेही माप सांगत नाही, तिचे सगळे ‘अंदाजान’. त्यावर तू योजलेला उपाय मला फार आवडला. तिने चिमूट उचलण्यापूर्वी आणि उचलल्यानंतर तू डबा काट्यावर ठेवलास, आणि त्या वजनावरून चमच्यांचे माप बसवलेस. तिचा हात न अडवता सहा बांगड्यांचे प्रमाण कागदावर आले: अर्ध्या नारळाचे खोबरे, आठ सुक्या मिरच्या, दोन चहाचे चमचे उडीद, अर्धा चमचा मेथी, एक चमचा तांदूळ, थोडे धणे, हळद, लिंबाएवढी चिंच आणि गुळाचा लहान खडा.

ही आमटी बिघडते ती मेथीपाशी. खोबरेल तापले की आधी उडीद जातात, ते तांबूस होऊ लागले की तांदूळ आणि धणे, आणि मेथी अगदी शेवटी, काही क्षणांपुरतीच. तुझ्या मुद्रणात आजी स्पष्ट म्हणते, “मेथी काळी जाली जाल्यार कढी कडू जाता.” तो कडूपणा मग गुळाने झाकत नाही. मेथीचा रंग गडद होऊन खमंग वास सुटला की कढई लगेच खाली उतरवायची, कारण तापलेल्या तेलात ती नंतरही भाजत राहते. वासात जळकेपणा जाणवला, तर ते टाकून पुन्हा नव्याने भाजावे. वाटणात घालू नये.

भाजलेले जिन्नस निवेपर्यंत आजीला काही काम नव्हते, आणि तुझा फोन चालूच होता. “आजी, उड्डमेथीत तांदूळ कशाला?” एवढेच तू विचारलेस. आजी बोलू लागली ती पेडण्याच्या घराविषयी. तिच्या लहानपणी घरचे उडीद बांद्याहून येत. तिची मावशी तिथे दिली होती आणि येताना ती गाठोडे घेऊन येई. 1955 च्या सुमारास भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची नाकेबंदी केली, पात्रादेवीच्या सीमेवरून जाणे-येणे थांबले, आणि घरातले उडीद संपत आले. तेव्हा तुझ्या पणजीने उडीद अर्धे केले आणि वाटणाला दाटपणा यावा म्हणून घरच्या शेतातले तांदूळ भाजून घातले.

इथे मिक्सर सुरू होतो आणि काही ऐकू येत नाही. दुसऱ्या कोणी तेवढ्यात फोन बंद केला असता. तू तो चालू ठेवलास, म्हणून मिक्सर थांबताच अर्ध्यावर राहिलेले वाक्य आजीने पुरे केलेले ऐकायला मिळते: 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यानंतर मावशी आली, तीही उडीद घेऊनच, आणि पणजी आणि ती दारातच एकमेकींना धरून रडल्या. उडीद पुन्हा पूर्वीइतके पडू लागले, पण तांदूळ राहिले. पणजी गेली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आईने मला हे कधी सांगितले नाही, कारण मी तिला कधी स्वयंपाक करताना काही विचारले नाही. आम्ही मुलगे पानावर बसायचे तेवढे बसत असू.

म्हणून माझी एक विनंती आहे. तू लिहून काढलेल्या पाठात कृती वेगळी आणि आठवणी शेवटी एकत्र केल्या आहेस. तसे करू नकोस. बांद्याची गोष्ट भाजणे आणि वाटणे यांच्या मध्येच राहू दे, कारण आजीला ती तिथेच आठवली. आणि तांदळाचे कारण नसेल, तर पुढे एखादी सून ते अनावश्यक म्हणून वगळील. आजीचे कोंकणी शब्दही मराठीत बदलू नकोस. हवे तर अर्थ खाली दे.

शेवटची पायरी तुझ्या पाठात तुटक आहे. वाटण, पाणी, चिंचेचा कोळ आणि गूळ नीट उकळल्यावरच बांगडे सोडायचे, आणि त्यानंतर डाव घालायचा नाही. भांडे दोन्ही हातांनी धरून हलवायचे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. हे आजी बोलत नाही, फक्त करते, त्यामुळे मुद्रणात ते येणे शक्य नव्हते.

चतुर्थीला घरी येशील तेव्हा खतखते करू. त्याची तेफळे आजी कुठून आणत असे ते विचार, आणि बांद्याच्या मावशीचे नावही; ते मुद्रणात कुठेच नाही.

तुझे,
बाबा