तक्रार: 200 एएच म्हणून विकलेली बॅटरी 150 एएचच्या जुन्या जोडीपेक्षा लहान आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि विक्री
(आपलं मुख्य कार्यालय महाराष्ट्रात आहे, म्हणून पत्र मराठीत.)

महोदय,

आमच्या लष्कर, ग्वाल्हेर इथल्या मंडळाच्या वाचनालयात तुमच्या अधिकृत विक्रेत्याने बसवलेल्या लिथियम बॅटरीबद्दलची तक्रार तुमच्या कार्यालयाने आज पुन्हा एकदा 'समाधानकारक निराकरण' असा शेरा मारून बंद केली. समाधान कोणाचं झालं, ते कळवावं.

व्यवहार असा. वाचनालयात 12 व्होल्ट 150 एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या होत्या आणि इन्व्हर्टर 24 व्होल्टचा होता. तुमच्या विक्रेत्याने सगळा संच एक्सचेंजमध्ये घेतला आणि 12 व्होल्टचा नवा इन्व्हर्टर व एक 12.8 व्होल्ट 200 एएच लिथियम बॅटरी दिली. कोटेशनवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: 'जुनी 150, नवी 200, बॅकअप 33 टक्के जास्त'. कागद जपून ठेवला आहे.

एएच म्हणजे बॅटरीतून किती विद्युतभार बाहेर पडेल त्याचा हिशेब: अँपिअर गुणिले तास. त्या भाराच्या प्रत्येक हिश्श्यामागे ऊर्जा किती, हे व्होल्ट सांगतात. पंखा फिरतो तो ऊर्जेवर, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करायची तर एएचला व्होल्टने गुणावंच लागतं. उत्तर वॅट-तासांत येतं, आणि असे 1000 वॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. सिरीजमध्ये जोडल्यावर एएच 150 च राहतात, व्होल्ट 24 होतात. 150 × 24 = 3600 वॅट-तास. त्याच दोन बॅटऱ्या पॅरलल जोडल्या असत्या तर 300 एएच आणि 12 व्होल्ट, म्हणजे पुन्हा 3600 च. जोडणी बदलल्याने साठा बदलत नाही, फक्त एएचचा आकडा फुगतो किंवा आक्रसतो. आता तुमची नवी बॅटरी: 200 × 12.8 = 2560 वॅट-तास. 33 टक्के जास्त राहिलं बाजूला, साठा 29 टक्के कमी झाला. 12.8 व्होल्टवर जुन्या जोडीशी नुसती बरोबरी करायची तरी 281 एएच लागतात.

बॅटरी खराब आहे असं माझं म्हणणं नाही. हे मी फोनवर प्रत्येक वेळी सांगितलं आणि प्रत्येक वेळी तुमच्या माणसांनी तक्रार 'बॅटरी खराब' याच रकान्यात नोंदवली. मग बॅटरी तपासायला तंत्रज्ञ आला. तो मुलगा कामाचा होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून त्याने फळीवर 100 वॅटचे चार जुने पिवळे बल्ब लावले आणि बॅटरीच्या तारेवर डीसी क्लॅम्प मीटर अडकवला. (एसीच वाचणारा साधा क्लॅम्प इथे चालत नाही, हे त्याला माहीत होतं.) मीटरवर 36 अँपिअर, बॅटरीच्या टोकांवर सरासरी 13 व्होल्ट, म्हणजे बॅटरीतून 468 वॅट निघत होते. बल्बांना पोचले 400, बाकीचे इन्व्हर्टरने खाल्ले. ते चालायचंच. 5 तास 20 मिनिटांनी बॅटरीतल्या बीएमएसने पुरवठा तोडला.

त्याने 36 ला 5.33 तासांनी गुणलं, 192 एएच आले आणि अहवालात लिहिलं: 'क्षमता 96 टक्के, बॅटरी ठीक.' अगदी बरोबर. त्याच आकड्याला 13 व्होल्टने गुणा, सुमारे 2500 वॅट-तास येतात. बॅटरीत जेवढं आहे तेवढं ती प्रामाणिकपणे देते. खोटं आहे ते कोटेशन. विक्रेत्याच्या शब्दाप्रमाणे जुन्या जोडीपेक्षा 33 टक्के जास्त म्हणजे 4800 वॅट-तास हवेत. तेवढे असते तर हे चार बल्ब दहा तासांच्या वर जळायला हवे होते.

आता त्या फोनबद्दल सविस्तर, कारण त्याच्यामुळेच हे पत्र लिहायची वेळ आली. अहवाल हातात घेऊन मी तुमच्या ग्राहक सेवेच्या 'वरिष्ठ अधिकाऱ्यां'शी बोलले. हिशेब सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला त्यांनी मला थांबवलं: "मॅडम, दो सौ डेढ़ सौ से ज़्यादा होता है ना?" मी म्हटलं, होता है, पण जुनी जोडी 24 व्होल्टची होती, नवी बॅटरी 12.8 ची आहे, तेव्हा गुणाकार करा. त्यावर ते म्हणाले की व्होल्टेजचा साठवणुकीशी काही संबंध नसतो, व्होल्टेज इन्व्हर्टर तयार करतो आणि घरात तर शेवटी 220 व्होल्टच येतात. वर मला समजावलं, "आप टेक्निकल में मत जाइए." बॅटरीच्या कंपनीत फोन करून टेक्निकलमध्ये जायचं नाही, तर काय पापडाच्या पाककृतीत जायचं?

त्यांचंच म्हणणं धरून चालू. 220 व्होल्ट गुणिले 200 एएच म्हणजे 44,000 वॅट-तास, 44 युनिटं. एवढ्या साठ्याची बॅटरी विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या तळाला बोल्टने आवळलेली असते आणि ती हलवायला क्रेन किंवा जॅक लागतो. आमची वाचनालयाच्या शिपायाने एकट्याने उचलून स्टुलावर ठेवली. इन्व्हर्टर व्होल्टेज वाढवतो, हे खरं. पण ज्या पटीत व्होल्ट वाढतात त्याच पटीत अँपिअर उतरतात, शिवाय थोडं तो स्वतः खातो. बॅटरीतून 36 अँपिअर निघत होते तेव्हा बल्बांकडे दोन अँपिअरही जात नव्हते. वरिष्ठ अधिकाऱ्यांना हे माहीत नसेल तर त्यांना तुमच्याच कारखान्यात आठवडाभर बसवा.

कारखान्याला माहीत आहे, हे मी खात्रीने सांगते. बॅटरीच्या मागच्या बाजूला, सिरियल नंबरच्या खाली, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा अक्षरांत '2560 वॅट-अवर' छापलेलं आहे. पुढच्या बाजूला '200 एएच' तळहाताएवढ्या अक्षरांत.

आणि तुमचं माहितीपत्रक! त्यात दोन मॉडेल शेजारी शेजारी आहेत. 25.6 व्होल्ट 100 एएच 'छोट्या कुटुंबासाठी' आणि 12.8 व्होल्ट 200 एएच 'मोठ्या कुटुंबासाठी'. गुणाकार करा. 2560 आणि 2560. आत 3.2 व्होल्टचे सेल आहेत: एकात 100 एएचचे आठ, दुसऱ्यात 200 एएचचे चार. माल तेवढाच, साठा तेवढाच, नुसती मांडणी वेगळी. तरी एकाखाली तुम्ही नवरा, बायको आणि एक मूल छापलंत, दुसऱ्याखाली आजी-आजोबांसकट सहा जण. उलट त्याच लोडला 12 व्होल्टच्या मॉडेलमधून दुप्पट अँपिअर वाहतात, आणि जाडी-लांबी तीच असेल तर तारेतलं नुकसान चौपट होतं. विक्रेत्याने जुन्या 24 व्होल्टच्या संचाच्याच तारा वापरल्या आहेत, त्या लोड असताना हाताला कोमट लागतात. त्याबद्दल वेगळी तक्रार केली होती. तीही बंद.

तुमचं एक उत्तर मला आधीच ऐकू येतंय: लेड-अॅसिडच्या बॅटरीतून सगळे एएच मिळत नाहीत. मान्य. तिचे 150 एएच वीस तासांत, म्हणजे 7.5 अँपिअरने सावकाश काढले तर मिळतात. या बल्बांच्या लोडला 24 व्होल्टवर साडेएकोणीस अँपिअर जातात, आणि त्या वेगाने नव्या जोडीतूनही साधारण 75 ते 80 टक्केच हाती लागतात. म्हणजे 3600 पैकी 2700 ते 2880 वॅट-तास. तुमची लिथियम 2500 देते. फरक 29 टक्क्यांवरून सात ते तेरा टक्क्यांवर आला, पण ती अजूनही मागेच आहे. लिथियमला पाणी घालावं लागत नाही, ती जास्त वर्षं टिकते, हे सगळं मला ठाऊक आहे. ते सांगून विकली असती तर हे पत्र आलं नसतं. विकली ती 'बॅकअप 33 टक्के जास्त' असं लिहून.

आता मागणी. 24 व्होल्टचा इन्व्हर्टर आणि 25.6 व्होल्ट 150 एएचची बॅटरी (3840 वॅट-तास) बदलून द्यावी. किमतीत फरक असेल तर जे 33 टक्के जास्त कबूल केले होते ते कमी दिल्याबद्दल तो विक्रेत्याकडून घ्या, आमच्याकडून नाही. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी आणि एक्सचेंजमध्ये नेलेल्या जुन्या संचाची किंमतही द्यावी. 'सर्व्हिस व्हाउचर' पाठवू नये, आम्हाला सर्व्हिस नको, वॅट-तास हवेत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आम्ही ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथेच दाद मागता येते, तेव्हा यायचं तुम्हालाच आहे. सोबत कोटेशन, तंत्रज्ञाचा अहवाल, बॅटरीच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणि 'मोठं कुटुंब' असलेलं पान जोडलं आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी तुमच्या बॅटऱ्या कधी काटा न लावता, नाव वाचून घेतल्या. म्हणून राग जरा जास्त आला आहे, हे लपवत नाही.

कार्यवाह,
मंडळाच्या वाचनालयाच्या वतीने

ता. क. तुमच्याच कंपनीची 20,000 एमएएचची पॉवर बँक वाचनालयात आहे. तिच्यावर 74 वॅट-अवर स्पष्ट छापलं आहे, कारण विमानात 100 वॅट-अवरची मर्यादा पाहतात आणि तिथे नुसते एमएएच सांगून भागत नाही. 20 एएच गुणिले आतल्या सेलचे 3.7 व्होल्ट, बरोबर 74. फोनला 5 व्होल्टवर देताना त्याचेच 14,800 एमएएच होतात, आणि सर्किटचं नुकसान वजा जाता त्याहूनही कमी. म्हणजे खिशातल्या वस्तूसाठी तुम्हाला हा गुणाकार येतो. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आता फोन करू नये, उत्तर लेखी द्यावं आणि त्यात एएचच्या शेजारी व्होल्ट लिहावेत.