कार्ड रेटमागचा दर: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना एका जुन्या डीलरचे खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

महोदय, सविनय नमस्कार.

माझा पुतण्या दिंडोरी तालुक्यातून नेदरलँड्सला द्राक्षे पाठवतो. मार्च २०२४ मध्ये त्याच्या खात्यात एका मालापोटी २४,००० युरो आले. बँकेने त्याचे रुपये केले आणि एका पानाची सूचना पाठवली. त्यावर युरोची रक्कम होती, ८९.०५ हा दर होता, २१,३७,२०० रुपये ही जमा होती आणि खाली १,१९४ रुपये ७० पैसे जीएसटी कापलेला होता. ‘काका, बँकेने फक्त अकराशे रुपये घेतले,’ असे तो मला समाधानाने म्हणाला. मी एका बँकेच्या डीलिंग रूममध्ये एकवीस वर्षे काढली आहेत. तो कागद पाहून मला फार वाईट वाटले, कारण बँकेने त्याच्याकडून घेतलेली खरी रक्कम त्या कागदावर कुठेच नव्हती.

त्या दिवशी, ज्या वेळी रुपये केले त्या सुमारास, बाजारात एका युरोला १.०८६० डॉलर मिळत होते आणि डॉलर ८३.०० रुपयांना होता. हिशेब सोपा व्हावा म्हणून शेवटचे आकडे मी थोडे गोल केले आहेत. दोन्हींचा गुणाकार केला की युरोचा मध्यदर, म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्या बरोबर मधला दर, ९०.१३८ येतो. पुतण्याला मिळाले ८९.०५. म्हणजे युरोमागे १ रुपया ८.८ पैसे कमी, आणि २४,००० युरोंवर २६,११२ रुपये. हे पैसे कोणकोणत्या थरांत गेले ते मला आपल्यापुढे मांडायचे आहे. आपल्याला हे सारे ठाऊक आहे. पण हे पत्र दिंडोरी-निफाडचे निर्यातदारही वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की युरो आणि रुपया यांचा थेट, खोल बाजार नाही. बँकेची ट्रेझरी, म्हणजे बाजारात चलनाची खरेदी-विक्री करणारा विभाग, युरो आधी डॉलरमध्ये बदलते आणि मग डॉलरचे रुपये करते. युरो-डॉलरचा बाजार जगातला सर्वांत मोठा. तिथे मोठ्या आंतरराष्ट्रीय बँका आणि काही खासगी ट्रेडिंग कंपन्या सतत दोन्ही बाजूंचे दर देत असतात. त्यांनाच लिक्विडिटी प्रोव्हायडर म्हणतात. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या दरातले अंतर चौथ्या दशांश स्थळापाशी असते. मुंबईतली मध्यम आकाराची बँक त्यांच्याकडून दर घेते तेव्हा तिला मध्यदरापेक्षा ०.०००१ डॉलर कमी मिळाले असे धरा. रुपयात ते युरोमागे पाऊण पैशाहून थोडे जास्त होते.

दुसरी उडी डॉलर-रुपयाची. हा आपल्या घरचा बाजार. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या मंचावर किंवा रॉयटर्सच्या पडद्यावर बँका एकमेकींशी दहा लाख डॉलरच्या पटीत व्यवहार करतात. गर्दीच्या वेळी खरेदी आणि विक्रीच्या दरातले अंतर अर्धा पैसा, कधी पाव पैसाही असते. मध्यापासून धरले तर बँकेला इथे पाव पैसा मोजावा लागतो. दोन्ही उड्या मिळून युरोमागे एक पैसा आणि वर थोडे. चोवीस हजार युरोंवर साधारण २६४ रुपये. आंतरबँक बाजार बँकेकडून एवढेच घेतो.

तिसरा थर लोकांना माहीत नसतो, पण तो खरा आहे. बाजारातला दर ‘स्पॉट’ असतो, म्हणजे पैशांची देवघेव दोन कामकाजी दिवसांनी होते. निर्यातदाराला मात्र रुपये आज हवे असतात. रुपयावरचे व्याज युरोवरच्या व्याजापेक्षा जास्त, म्हणून आज रुपये घेणाऱ्याला स्पॉटपेक्षा थोडा कमी दर मिळणे हा साधा व्याजाचा हिशेब आहे. त्या वेळच्या व्याजदरांच्या फरकाने तो दोन दिवसांना दीड पैशाच्या आसपास पडत होता. गुरुवारी रुपये केले तर स्पॉट सोमवारवर जातो आणि हाच आकडा दुप्पट होतो. पुतण्याचा व्यवहार मंगळवारचा होता, म्हणून ३६० रुपये धरू.

आतापर्यंत ६२४ रुपये झाले. बँकेच्या कष्टाचेही मोल द्यायला हवे. चोवीस हजार युरो बाजारात कुणी विकत घेत नाही. ट्रेझरी शाखाशाखांमधल्या अशा लहान रकमा गोळा करते आणि पुरेसा ढीग झाला की बाजारात विकते. मधल्या तास-दोन तासांत दर हलला तर तो धोका बँकेचा. शिवाय माणसे आहेत, कागदपत्रे आहेत, परदेशी बँकेतल्या खात्याचा खर्च आहे. या सगळ्यासाठी आणि नफ्यासाठी मी सढळ हाताने युरोमागे दहा पैसे देतो. त्याचे २,४०० रुपये. एकूण ३,०२४. उरले २३,०८८ रुपये.

हे तेवीस हजार शेवटच्या थरात गेले, बँक आणि ग्राहक यांच्यामधल्या थरात.

डीलिंग रूममध्ये दोन टेबले असतात. एक बाजाराशी बोलते, दुसरे ग्राहकांशी. बाजाराशी बोलणारा डीलर दुसऱ्या टेबलाला जवळजवळ बाजाराचाच दर देतो. ग्राहक पाहून त्यात मार्जिन घालायचे काम दुसऱ्या टेबलाचे. मोठ्या कंपनीचा माणूस एकाच वेळी तीन बँकांना फोन लावून बसलेला असायचा, त्याच्याकडून आम्ही दोन-तीन पैसे घ्यायचो आणि तेही मिळाले तर आनंद मानायचो. जो फोन करत नाही त्याच्यासाठी कार्ड रेट. सकाळी बाजार उघडला की ट्रेझरी त्या वेळचा दर घेते, त्यातून भरपूर मार्जिन वजा करते आणि तो तक्ता सगळ्या शाखांना पाठवते. दिवसभरात दर विरुद्ध गेला तरी तोटा होऊ नये म्हणून कार्ड रुंद ठेवतात असे कारण आम्ही सांगायचो. त्यात तथ्य आहे, पण थोडेच. ढीग काही तासांत विकला जातो, त्यासाठी सव्वा टक्क्याचा विमा लागत नाही. ते मार्जिन ट्रेझरी आणि शाखा यांच्या नफ्यात वाटले जायचे, आणि शाखेचे वार्षिक लक्ष्य त्यावर ठरायचे.

पुढच्या रकमेच्या वेळी मी पुतण्याला शाखेत बसवले आणि एकच वाक्य सांगायला लावले: ‘कार्ड नको, ट्रेझरीकडून चालू दर घेऊन द्या, तुमचे मार्जिन किती पैसे ते सांगा.’ शाखेतल्या अधिकाऱ्याने फोन लावला आणि पाच मिनिटांत पंचवीस पैशांवर काम झाले. बँक तीच, शाखा तीच, ग्राहक तोच. पहिल्या रकमेला हाच हिशेब लावला असता तर दर ८९.८८८ आला असता आणि पुतण्याचे २०,११२ रुपये वाचले असते. एवढ्यात बागेतल्या मजुरांचा एका आठवड्याचा पगार होतो.

दुसऱ्या बँकेत जा, असे कुणी म्हणेल. निर्यातदाराला ते एका रकमेपुरते करता येत नाही. बंदरावर त्याच्या नावापुढे बँकेची ओळख सांगणारा एडी कोड याच बँकेचा नोंदलेला असतो, शिपिंग बिल याच बँकेच्या खात्यावर उघडे असते आणि हंगामाआधी घेतलेले पॅकिंग क्रेडिटचे कर्जही याच रकमेतून फेडायचे असते. रक्कम आली की ती त्याच दारातून आत येते. ग्राहक जिथे हलू शकत नाही तिथे भाव पाडायला स्पर्धा उरत नाही. तिथे निदान भाव दिसायला तरी हवा.

महोदय, भाव लपलेला आहे हे सरकारी नियमांतही एका ठिकाणी दिसते. केंद्रीय जीएसटी नियमांतील ३२ (२) प्रमाणे परकीय चलन बदलण्याच्या सेवेचे मूल्य म्हणजे बँकेचा दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतला फरक गुणिले चलनाची रक्कम. म्हणजे दरातले अंतर हीच सेवेची किंमत, हे कायद्याला मान्य आहे. पण त्याच नियमात बँकेला दुसरा पर्याय आहे, ठरीव टप्प्यांचा: दहा लाखांच्या वर ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेचा ०.१ टक्का. पुतण्याच्या व्यवहाराचे मूल्य त्याप्रमाणे ६,६३७ रुपये धरले गेले आणि त्यावर १८ टक्के कर लागला. कागदावर फक्त तो कर छापला गेला. प्रत्यक्षात घेतलेले २६,११२ रुपये करासाठीही कुणाला मोजावे लागले नाहीत आणि ग्राहकालाही सांगावे लागले नाहीत.

आपल्या बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल मंच सुरू केला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्यात ग्राहक आंतरबँक दराला व्यवहार करतो आणि बँकेचे मार्जिन आधी ठरवून वेगळे घेतले जाते. मार्जिन हा स्वतंत्र आकडा आहे, तो दरात मिसळू नये, हे तत्त्व तिथे आपणच मान्य केले आहे. पण तो मंच डॉलर-रुपयासाठी सुरू झाला, आणि रॉटरडॅमला माल पाठवणाऱ्याचे पैसे युरोत येतात. पुतण्याच्या शाखेत मी विचारले, तेव्हा युरोसाठी अशी सोय नाही असेच उत्तर मिळाले.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. चलन बदलल्याच्या प्रत्येक सूचनेवर तीन ओळी छापणे अधिकृत व्यापारी बँकांना बंधनकारक करावे: व्यवहाराच्या मिनिटाचा आंतरबँक मध्यदर, ग्राहकाला लावलेला दर, आणि त्यांतला फरक एकूण रुपयांत. टक्क्यांत किंवा पैशांत नको, रुपयांत. ‘२६,११२’ वाचले की कुणालाही कळते, ‘१.०८८’ वाचून कळत नाही. कार्ड रेट लावला असेल तर तसे लिहावे, आणि चालू दर मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे हेही त्याच ठिकाणी मराठीत छापावे. मध्यदर कुठून आणायचा असा आक्षेप येईल. तो ट्रेझरीच्या पडद्यावर त्या क्षणी असतोच, आणि प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीला वेळेचा शिक्काही असतो. युरोसाठी दोन दरांचा गुणाकार करायचा, जो यंत्र आजही करते.

नाशिकची द्राक्षाची पेटी युरोपातल्या दुकानात पोचली तरी ती कोणत्या प्लॉटमधली, हे ग्रेपनेटच्या नोंदीवरून शोधता येते. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, अवशेष तपासणीचा अहवाल, सगळे शेतकऱ्याने द्यायचे आणि तो ते देतो. त्याच पेटीच्या पैशाचा परतीचा प्रवासही त्याला तसाच दिसावा, एवढे मी मागतो आहे.

हे नियम होईपर्यंत माझ्या वाचक निर्यातदारांनी एक करावे. रुपये दुपारी बाराच्या आसपास केले असतील तर त्याच दिवशी एफबीआयएल या संदर्भ दर काढणाऱ्या संस्थेने जाहीर केलेला युरोचा दर पाहावा. तो साडेअकरा ते साडेबारा या तासातल्या बाजारावरून निघतो. आपला दर त्यातून वजा करून युरोंनी गुणावे. सकाळी किंवा संध्याकाळी केले असतील तर ही तुलना ढिली पडते, कारण मधे बाजार हललेला असतो.

दोन्ही रकमांच्या सूचना आणि माझा हिशेब मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. बँकेचे नाव त्यात झाकले आहे, कारण तक्रार एका बँकेची नाही. मीही अनेक वर्षे रोज सकाळी असाच तक्ता बनवला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डीलर, नाशिक