मा. शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : प्रश्नांबरोबर प्रश्नानंतरची शांतताही मोजा

मा. शिक्षणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

तासाचं रेकॉर्डिंग ऐकून शिक्षकांना अभिप्राय देण्याची पद्धत शाळांमध्ये रुजवायची असेल, तर काय मोजायचं आणि कसं, हे आधी ठरायला हवं. 'तासाला किती प्रश्न विचारले' एवढाच आकडा मागितला, तर तो मिळेल, पण शिक्षकाला त्याचा काहीच उपयोग होणार नाही.

१९७०च्या दशकात विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांमधले विज्ञानाचे तास टेपवर ऐकून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. हे थांबणं तीन सेकंदांवर गेलं, की मुलांची उत्तरं लांबत, 'माहीत नाही' कमी होई आणि नाव न घेतलेली मुलंही आपणहून बोलत. त्यांनी दोन जागी थांबणं मोजलं: शिक्षकाचा प्रश्न संपल्यावर आणि मुलाचं उत्तर संपल्यावर. दुसऱ्या जागेकडे आपलं सहसा लक्षच जात नाही. मूल दोन शब्द बोलून श्वास घेतं आणि तेवढ्यात शिक्षक 'बरोबर' म्हणतात. त्याचं पुढचं वाक्य तिथेच राहतं.

मोजायला पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग लागत नाही. चर्चा चालू असलेली मधली दहा मिनिटं पुरतात. एकदा नुसतं ऐकून सगळे प्रश्न लिहून काढावेत आणि त्यांचे तीन गट करावेत: उत्तराची अपेक्षा असलेले, 'समजलं ना?' छापाचे, आणि शिक्षकांनी स्वतःच उत्तर दिलेले. थांबणं फक्त पहिल्या गटासाठी मोजायचं. प्रश्नाचा शेवटचा शब्द संपला की घड्याळ सुरू होतं आणि त्यानंतर कुणीही बोललं की थांबतं. कुणीही म्हणजे शिक्षकसुद्धा. नेमकी इथेच चूक होते. मोजणारे मुलाच्या उत्तराची वाट पाहत राहतात आणि मध्ये शिक्षकांनीच तीन वेळा प्रश्न फिरवून विचारला, तो सगळा वेळ 'थांबणं' म्हणून धरला जातो.

उदाहरणादाखल अपूर्णांकांच्या तासातली दहा मिनिटं घेऊ. एकूण प्रश्न ३१. त्यांतले १२ 'समजलं ना?' गटातले, ६ स्वतःच उत्तर दिलेले. उरले १३. त्यांचं थांबणं चढत्या क्रमाने मांडलं, सेकंदांत:

०.४, ०.६, ०.६, ०.७, ०.८, ०.९, ०.९, १.१, १.२, १.४, १.८, २.६, ९.५

सरासरी येते १.७ सेकंद. पण ते ९.५ सेकंद मुलं वहीत आकृती काढत होती तेव्हाचे आहेत. मधला, म्हणजे सातवा आकडा ०.९ आहे आणि तासाचं खरं चित्र तोच दाखवतो. म्हणून अहवालात सरासरीऐवजी मधला आकडा असावा.

आता त्यातला ०.८ सेकंदांचा प्रश्न जवळून ऐका. "तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश? ... छेद सारखे करा बघू." प्रश्न तुलनेचा होता. मुलं चित्र डोळ्यांपुढे आणू शकली असती, एकातून किती उरतं ते पाहू शकली असती. ०.८ सेकंदांनी आलेल्या सूचनेने त्याचं बारा हा छेद काढायचं गणित झालं. शिक्षकांना द्यायचा अभिप्राय हाच: त्या जागेची वेळ, तेवढे वीस सेकंद पुन्हा ऐकवणं आणि एकच सुचवणं, की पुढच्या तासाला अशा एका प्रश्नानंतर मनात तीनपर्यंत मोजून मगच बोला. ३१ प्रश्नांचा तक्ता हातात ठेवला तर त्यातून काय बदलायचं ते कुणालाच कळत नाही.

आवाजाचं आपोआप लिखाण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबायचं असेल, तर दोन गोष्टी आधी तपासून घ्याव्यात. काही ॲप शांतता कापून टाकतात. मग मोजायला काही उरतच नाही. आणि शिक्षकांजवळ ठेवलेल्या फोनला मागच्या बाकावरचं हळू उत्तर ऐकू येत नाही, तिथे खोटी शांतता दिसते. शिवाय तीच दहा मिनिटं दोघांनी वेगवेगळी मोजून पाहावीत. बहुतेक मतभेद सेकंदांवरून होत नाहीत, प्रश्न कोणत्या गटात टाकायचा यावरून होतात. तो नियम आधी लिहून ठेवावा.

आमची कळकळीची विनंती आहे, की या आकड्यांना गुण देऊ नका आणि ते गोपनीय अहवालात जाऊ देऊ नका. 'सात आठे किती?' यावर तीन सेकंद थांबण्यात काही अर्थ नाही, पण गुण मिळणार असतील तर तिथेही थांबलं जाईल आणि आकडा छान दिसेल. रेकॉर्डिंग शिक्षकांच्या ताब्यात राहावं, अभिप्राय दोन दिवसांत मिळावा आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच शिक्षकांच्या तशाच दहा मिनिटांशी तुलना व्हावी. मोजणाऱ्याला अशा एका तासासाठी साधारण नव्वद मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्यांच्या कामाच्या वेळापत्रकात धरावा.

आपले,
तास ऐकून अभिप्राय देणारे शिक्षक-प्रशिक्षक