तक्रार: अजिंठा-वेरूळ सहलीचं रोजचं निवेदन, आणि रविवारी निघालेली बस

पुणे, दि. २० जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक,
लेखन-सेवा विभाग

विषय : सहलीच्या स्लाइड्सवरून टूर लीडरसाठी तयार करून दिलेल्या रोजच्या निवेदनातील गंभीर त्रुटी, आणि ते विनामूल्य पुन्हा लिहून मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आमची पुण्यातली छोटी सहलसंस्था आहे. वर्षाला आठ-दहा सहली, त्यात बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. नोव्हेंबरमध्ये आम्ही आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर, अजिंठा, वेरूळ आणि पैठण या पाच दिवसांच्या सहलीच्या चोवीस स्लाइड्स दिल्या. त्यावरून टूर लीडरनं रोज काय बोलायचं, याची दिवसवार संहिता आम्हाला हवी होती. मोबदला अठरा हजार ठरला आणि तो आम्ही पूर्ण दिला. आपलं काम वेळेत आलं, छपाई सुबक होती, शुद्धलेखन चोख होतं. एवढं चांगलं लिहून मग मूळ मुद्द्यावर येते.

ही सहल आम्ही सहसा गुरुवारी काढतो. दुसऱ्या दिवशी अजिंठा, तिसऱ्या दिवशी वेरूळ, घृष्णेश्वर आणि दौलताबाद, चौथ्या दिवशी पैठण, हा स्लाइड्समधला क्रम गुरुवारसाठीच बसवलेला आहे. या वेळी मागणी जास्त होती, म्हणून ११ जानेवारीच्या रविवारी एक जादा बस सोडली. आपल्याला दिलेल्या तारखांच्या यादीत ही तारीख होती. आपल्या संहितेत मात्र 'दिवस पहिला', 'दिवस दुसरा' एवढंच आहे. संपूर्ण छत्तीस पानांत एकही वार नाही.

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. सहलीच्या धंद्यातलं हे पहिलीतलं बाराखडीचं पान आहे. आता बोटांवर मोजून पाहा. आमचा क्रम ठेवला तर आठवड्यातल्या सात वारांपैकी सहा वारी कुठेही अडचण येत नाही. फक्त रविवारी निघालं तर दुसरा दिवस सोमवार येतो आणि तिसरा मंगळवार, म्हणजे एक नाही, दोन्ही लेणी लागोपाठ बंद दाराशी.

रविवारी रात्री हॉटेलच्या जेवणघरात आमच्या टूर लीडरनं आपलं पान उघडलं आणि वाचलं, "उद्या आपण अजिंठ्याच्या अद्भुत विश्वात प्रवेश करणार आहोत." तिची ही पहिलीच स्वतंत्र सहल. बत्तीस माणसांतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं शांतपणे विचारलं, "उद्या सोमवार ना गं? मग कोण उघडणार तुझं विश्व?" हॉटेलच्या काउंटरवर विचारल्यावर तेच कळलं. रात्री पावणेदहाला मला फोन आला.

उपाय अवघड नव्हता. दोन दिवसांची अदलाबदल केली की सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, दोन्ही उघडी. पण दिवस हलवला की त्याच्याबरोबर काय काय हलतं, हे संहिता लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं. वेरूळच्या दिवसाला घृष्णेश्वर जोडलेलं आहे. ज्योतिर्लिंग आणि वार सोमवार, म्हणजे दर्शनाची रांग किती असेल याची कल्पना आपण करू शकता. आपल्या संहितेप्रमाणे देऊळ लेण्यांनंतर, भर दुपारी होतं. आमची मंडळी त्या रांगेत दीड तास उभी राहिली. दौलताबादला पोहोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं, आणि किल्ला चाँद मिनार आणि चिनी महालापर्यंतच पाहून परतावं लागलं. वेळेवर विचार झाला असता तर सोमवारचं देऊळ सकाळी पहिलं, मग लेणी, असा साधा बदल करता आला असता. देवळाबद्दल आणखी एक. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना कमरेच्या वरचे कपडे उतरवावे लागतात. हे आदल्या रात्री सांगितलं तर लोक त्या बेतानं कपडे घालून येतात. आपल्या संहितेत मंदिराच्या शिल्पकलेवर दोन परिच्छेद आहेत, सदऱ्यावर एक शब्द नाही. आमचे एक काका स्वेटर, जाकीट आणि आत उबदार बंडी असा सरंजाम करून आले होते. ते बाहेरच थांबले.

स्लाइड्समध्ये वार नव्हते, हा आमचा दोष मी मान्य करते. त्या विक्रीसाठी केलेल्या स्लाइड्स आहेत, गिऱ्हाइकाला सहल आवडावी म्हणून. पण स्लाइड्समध्ये जे नाही ते विचारून घेणं, हेच तर आम्ही विकत घेतलं होतं. नुसतं स्लाइडवरचं वाक्य लांबवून हवं असतं तर ते मी दुपारच्या चहानंतर बसून केलं असतं.

दुसरी बाब बोलण्याच्या लांबीची आणि जागेची. अजिंठ्याच्या दिवसाचं आपलं निवेदन मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं. चौदा मिनिटं लागली. त्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी लेणी दिसली ती गोष्ट, पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण, सगळं आहे आणि माहिती चुकीची नाही. पण हे कुठे उभं राहून बोलायचं? लेण्यांत आमच्याबरोबर परवानाधारक गाइड असतो आणि तिथलं बोलणं त्याचं असतं. टूर लीडरला बोलायच्या जागा दोनच: आदल्या रात्री जेवणाआधी आणि सकाळी बस सुटल्यावर. रात्री माणसं भुकेली असतात, सकाळी अर्धी झोपेत. दोन्ही वेळी तीन-चार मिनिटांच्या पुढे कोणी ऐकत नाही, आणि नेमकी कामाची सूचना शेवटी ठेवली असेल तर ती वाहून जाते. आपण ती शेवटीच ठेवली आहे. बसची वेळ बाराव्या परिच्छेदात आहे.

तिसरी बाब पैशाची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. आमच्या स्लाइडवर एका कोपऱ्यात 'ज्येष्ठांसाठी डोलीची सोय' असं लिहिलेलं आहे. अजिंठ्याला डोलीवाले मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. शब्द आम्हीच सैल ठेवले, पण विक्रीच्या कागदावर ते चालून जातं. आपण त्याचं केलं, "आपल्यापैकी ज्येष्ठांसाठी आम्ही डोलीची सोय केलेली आहे." टूर लीडरनं ते बसमध्ये तसंच वाचलं. स्लाइडवरचा मोघम शब्द टूर लीडरच्या तोंडून वाक्य होऊन बाहेर पडला की ते वचन होतं. तीन आजी डोलीत बसल्या, उतरल्यावर पर्समध्ये हात घालायचं काही कारणच त्यांना वाटलं नाही, आणि डोलीवाले आमच्या मुलीकडे पाहू लागले. तिन्ही डोल्यांचे पैसे आम्ही भरले. कोणत्या खर्चाचा समावेश आहे आणि कोणता ज्यानं त्यानं करायचा, हे स्लाइड्सच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेलं आहे. डोली 'समाविष्ट नाही'च्या यादीत चौथी आहे. ते पान आणि डोलीचा कोपरा शेजारी ठेवून वाचले असते तर हे झालं नसतं.

आम्हाला काय हवं होतं हे कळावं म्हणून अजिंठ्याच्या आदल्या रात्रीचा मजकूर मी स्वतः लिहून देते. मी लेखिका नाही, पण तेवीस वर्षं बसच्या पुढच्या सीटवर बसले आहे.

"मंडळी, दोन मिनिटं. उद्या सहा-सात-साडेसात. सहाला खोलीत फोन वाजेल, सातला नाश्ता, साडेसातला बस हलेल. मुक्काम इथेच आहे, बॅगा खोलीत राहू द्या. प्रवास साधारण अडीच तासांचा, मध्ये एकदा थांबू. फर्दापूरच्या टी पॉइंटला आपली बस थांबते आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जायचं असतं. म्हणून पाणी, टोपी, दुपारच्या गोळ्या उतरतानाच बरोबर घ्या. आपली बस पुन्हा भेटेल ती लेणी पाहून झाल्यावरच. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, तेव्हा लेसचे बूट नकोत. आत फ्लॅश चालत नाही. उजेड मंद असतो, आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत जरा थांबा, मग चित्रं दिसायला लागतात. सुरुवातीला पायऱ्यांचा चढ आहे. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांना डोली मिळते, तिचे पैसे ज्याचे त्यानं डोलीवाल्यांना द्यायचे. डोली लागणार असेल त्यांनी आत्ता जेवताना मला सांगा."

झालं. जॉन स्मिथची गोष्ट सकाळी बसमध्ये, फर्दापूर जवळ आलं की, दोन मिनिटांत. गोष्ट म्हणून ती छान आहे, आपण लिहिलीही बरी आहे.

आता मागणी. आमची पुढची बस गुरुवार, १२ फेब्रुवारीला निघते आणि त्यानंतर २२ फेब्रुवारीला पुन्हा रविवारची बस आहे. या दोन्ही तारखांसाठी पाचही दिवसांची संहिता आपण विनामूल्य पुन्हा लिहून द्यावी. प्रत्येक दिवसाच्या माथ्यावर तारीख आणि वार असावा. रात्रीचं बोलणं आणि सकाळचं बोलणं वेगळं असावं, आणि दोन्ही मोठ्यानं वाचून वेळ मोजलेली असावी. जिथे खर्चाचा किंवा सोयीचा उल्लेख येतो तिथे तो समाविष्ट आहे की नाही हे वाक्यातच यावं. २२ तारखेच्या बससाठी वेरूळ सोमवारी आणि अजिंठा मंगळवारी धरावं, देऊळ सकाळी पहिलं. १२ तारखेच्या बसचा तिसरा दिवस शनिवार, १४ फेब्रुवारी येतो आणि १५ ला महाशिवरात्र आहे. घृष्णेश्वराला आदल्या दिवशीच गर्दी सुरू झालेली असेल. त्या दिवशी देऊळ ठेवायचं की लांबून कळसाला हात जोडून पुढे जायचं, हे आपल्या लेखकानं मला फोन करून विचारावं. मी उत्तर देईन. पहिल्या वेळी कोणी एकदाही फोन केला नाही.

हे काम ५ फेब्रुवारीपर्यंत हातात पडलं नाही तर मोबदल्याची निम्मी रक्कम, रुपये नऊ हजार, परत करावी. डोल्यांचे पैसे मी मागत नाही. आजींना माझ्याकडून संक्रांतीची भेट मिळाली असं समजते. चौथ्या दिवशी पैठणला तिळगूळ वाटताना त्यांनी तसंच सांगितलं होतं.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली,
संचालिका,
सहलसंस्था, पुणे

सोबत : आपल्या संहितेची खुणा केलेली प्रत, समाविष्ट-असमाविष्ट खर्चाचं पान, तारखांची यादी