पुरात भिजलेले गुणपत्रक ‘हरवले’ असे लिहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णाकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी लिपिक म्हणून नोकरी केली. 2005 आणि 2019 हे दोन्ही पूर नोकरीत असतानाच पाहिले. पाणी उतरले की आठ-पंधरा दिवसांत माणसे शाळेच्या ऑफिसात यायला लागतात. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागदांचा गोळा. दहावीचे मार्कलिस्ट भिजले, आता नवीन कसे मिळेल, हा सगळ्यांचा एकच प्रश्न. मंडळाकडे दुय्यम गुणपत्रक मागण्याचे असे अनेक अर्ज मी लिहून दिले. त्यात वरचेवर होणारी एक चूक सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून ते आताच छापावे ही विनंती.

ती चूक म्हणजे अर्जात ‘गुणपत्रक गहाळ झाले आहे’ असे लिहिणे. बाजारात मिळणारे छापील नमुने हरवलेल्या कागदासाठी केलेले असतात. लिहिणारा तोच नमुना उतरवून काढतो आणि अर्जदार न वाचता खाली सही करतो. खरे तर गुणपत्रक त्याच्या हातात असते, फक्त ते वाचता येत नाही. हरवलेला कागद उद्या दुसऱ्याच्या हाती लागून वापरला जाऊ शकतो. त्यामुळे त्यासाठी पोलिसांचा दाखला मागितला जातो आणि ते बरोबरच आहे. भिजून खराब झालेल्या कागदाचे तसे नसते. त्याचे अवशेष मंडळाच्या स्वाधीन केले की मूळ प्रत चलनातून गेली, याचा पुरावा त्यातच मिळतो. तुकडे घरात असताना ‘हरवले’ असे प्रतिज्ञापत्रावर लिहून देणे म्हणजे शपथेवर खोटे बोलणे झाले.

2019 मधली एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातली एक सून माझ्याकडे आली. ती आमच्याच शाळेची, मार्च 2005 ची दहावी. निकाल लागला आणि त्याच पावसाळ्यात पूर आला. वडिलांनी कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली आणि गुणपत्रक कोरडे राहिले. पुढे लग्न होऊन ती नदीकाठच्याच दुसऱ्या गावात गेली. ऑगस्ट 2019 मध्ये सासरच्या माणसांनीही तेच केले. 2005 चे पाणी कुठवर आले होते त्याची खूण भिंतीवर होती, पेटी तिच्यावर हातभर उंच ठेवली. पण सांगलीत आयर्विन पुलापाशी 2005 ला पाणी साधारण 54 फुटांवर थांबले होते, ते 2019 ला 57 फुटांच्याही वर गेले. माळा बुडाला.

‘तात्या, बघा काही वाचता येतंय का,’ म्हणत तिने प्लास्टिकची फाइल माझ्यापुढे ठेवली. गुणपत्रक लॅमिनेट केलेले होते. कडेने पाणी आत शिरले होते आणि बाहेर पडायला वाट नव्हती. शाई पसरून विषयांचे गुण एकमेकांत मिसळले होते. लॅमिनेशन सोलू गेले की छापलेला थर प्लास्टिकबरोबर निघून येतो, म्हणून मी ते सोलू दिले नाही. उजेडासमोर धरल्यावर वरच्या कोपऱ्यात बैठक क्रमांकाचे अक्षर आणि शेवटचे तीन आकडे दिसले. एवढेच दिसले, पण तेवढ्यानेच पुढचे काम झाले.

माझ्याकडे येण्यापूर्वी तिने बाहेरून एक अर्ज लिहून घेतला होता. त्यात तीन दोष होते. पहिला दोष ‘गहाळ’ या शब्दाचा. तो वाचून पोलिस ठाण्यात दाखला मागायला गेल्यावर तिने खरे काय ते सांगितले. वस्तू हरवलेलीच नाही तर दाखला कसला द्यायचा, असे उत्तर मिळाले. दुसरा दोष नावाचा. अर्जात तिचे सासरचे नाव होते. मंडळाच्या नोंदीत दहावीला बसलेली मुलगी माहेरच्या नावाने असते. तिथे आजचे नाव शोधून काहीच सापडणार नाही. तिसरा दोष सगळ्यात मोठा, बैठक क्रमांकाची जागा कोरी होती. मंडळाच्या अभिलेखात विद्यार्थी सापडतो तो परीक्षेचा महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक यांवरून. एकाच नावाच्या मुली एका विभागात कितीतरी असतात.

हा क्रमांक कुठे शोधायचा ते बहुतेकांना ठाऊक नसते. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते, बैठक क्रमांक असेलच असे नाही. तो हमखास मिळतो शाळेने जपून ठेवलेल्या त्या वर्षाच्या निकालपत्रकात, म्हणजे मंडळाकडून शाळेला येणाऱ्या सगळ्या मुलांच्या निकालाच्या कागदात. आमच्या शाळेची निकालपत्रके वरच्या मजल्यावरच्या कपाटात होती म्हणून वाचली. 2005 चा गठ्ठा काढला, तिचे माहेरचे नाव शोधले आणि क्रमांकाचे अक्षर व शेवटचे आकडे तिच्या फाइलमधल्या तुकड्याशी ताडून पाहिले. जुळले. ज्यांची शाळाही पाण्यात गेली असेल त्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा शेरा बघावा, त्यात पुष्कळदा हा क्रमांक असतो. दहावीचे बोर्ड सर्टिफिकेट वेगळे असते, ते वाचले असेल तर त्यावर असतो. पुढे ज्या कॉलेजात प्रवेश घेतला तिथल्या फाइलमध्ये गुणपत्रकाची झेरॉक्स असू शकते.

मग आम्ही जो अर्ज केला त्याचा मजकूर देतो. वाचकांनी कात्रण ठेवावे.

‘प्रति, मा. विभागीय सचिव, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, कोल्हापूर विभागीय मंडळ, कोल्हापूर. मार्फत : मा. मुख्याध्यापक.

विषय : पुराच्या पाण्याने खराब झालेल्या माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेच्या गुणपत्रकाऐवजी दुय्यम गुणपत्रक मिळणेबाबत.

महोदय, मी मार्च 2005 च्या माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेस वरील शाळेतून नियमित विद्यार्थिनी म्हणून बसून उत्तीर्ण झाले. माझा बैठक क्रमांक, परीक्षेच्या वेळचे पूर्ण नाव, आईचे नाव व जन्मतारीख खाली दिली आहे. विवाहानंतर माझे नाव बदलले असून त्याचा पुरावा जोडला आहे. दुय्यम गुणपत्रक परीक्षेच्या वेळच्याच नावाने मिळावे. ऑगस्ट 2019 च्या पुरात माझे राहते घर पाण्याखाली गेले. त्यात मूळ गुणपत्रक भिजून त्यावरील गुण वाचता येत नाहीत. गुणपत्रक हरवलेले नाही. त्याचे अवशेष या अर्जासोबत परत करीत आहे. घर पाण्याखाली गेल्याच्या पंचनाम्याची प्रत, शाळेच्या निकालपत्रकाचा साक्षांकित उतारा, प्रतिज्ञापत्र व शुल्क भरल्याची पावती सोबत जोडली आहे. तरी मला दुय्यम गुणपत्रक देण्यात यावे, ही विनंती.’

यात दोन वाक्ये मी मुद्दाम घातली. एक ‘गुणपत्रक हरवलेले नाही’ हे. दुसरे दुय्यम प्रत जुन्याच नावाने मागणारे. ते नसेल तर नाव बदलण्याची मागणी आहे की काय अशी शंका वाचणाऱ्याला येते आणि अर्ज अडकतो. पंचनाम्याबद्दलही सांगायला हवे. तलाठ्याच्या पंचनाम्यात घर, धान्य, भांडी, जनावरे यांची नोंद होते, कागदपत्रे भिजली असे कुणी लिहीत नाही. तरी त्या तारखेला ते घर पाण्यात होते एवढे त्यावरून सिद्ध होते आणि आपल्याला तेवढे पुरते. तलाठी दारात येतील तेव्हा शैक्षणिक कागद भिजल्याचाही उल्लेख करून घेता आला तर उत्तमच. अवशेष देण्याआधी त्यांची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून घ्यावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. गुणपत्रक आणि बोर्ड सर्टिफिकेट हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्ही खराब झाले असतील तर अर्जात दोन्हींचा उल्लेख हवा, एक मागितला म्हणून दुसरा आपोआप येत नाही.

आता मोबाइलवर डिजिलॉकर आहे. मंडळाची 1990 नंतरची गुणपत्रके त्यात मिळतात आणि तिथली प्रत कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. तरुण मुलांनी आधी तिथे बघावे. पण तिथेही वर्ष आणि बैठक क्रमांक द्यावाच लागतो. लग्न झालेल्या बायकांच्या आधारवरचे नाव गुणपत्रकावरच्या नावाशी जुळत नाही, तेव्हा अडचण येते. 1990 च्या आधी दहावी झालेल्यांना तर अर्जाशिवाय वाट नाही. म्हणून मी घरोघरी एकच सांगत असतो. आज, कागद कोरडे असताना, घरातल्या प्रत्येकाचा दहावी-बारावीचा महिना, वर्ष, विभागीय मंडळ आणि बैठक क्रमांक वहीत लिहा आणि तो मजकूर गावाबाहेरच्या एका नातेवाइकाकडेही ठेवा.

शिक्षण मंडळालाही आपल्या पत्राद्वारे एक विनंती करतो. मोठ्या पुरानंतर एकेका माणसाने कोल्हापूरपर्यंत हेलपाटे घालण्यापेक्षा शाळांकडून एकत्र याद्या मागवाव्यात. निकालपत्रक शाळेत आहे, जनरल रजिस्टर शाळेत आहे, माणसाला ओळखणारे मुख्याध्यापकही तिथेच आहेत. नाव, वर्ष, बैठक क्रमांक आणि सोबत खराब झालेल्या प्रतींचा गठ्ठा, असे एकाच खेपेत पन्नास-साठ जणांचे काम होईल. पुरात घर गेलेल्या माणसाचा प्रत्येक दिवस चिखल काढण्यात आणि मजुरी शोधण्यात जात असतो. त्याला दोन दिवसांची मजुरी बुडवून एसटीने जिल्ह्याबाहेर जायला लावू नये, असे मला मनापासून वाटते.

त्या सुनेचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. नोव्हेंबर 2019 मध्ये ग्रामीण डाक सेवकांची भरती निघाली. ती दहावीच्या गुणांवर होते. दुय्यम गुणपत्रक तोवर हाती आले नव्हते, पण निकालपत्रकाच्या उताऱ्यावरून तिने गुण बिनचूक भरले. गुणपत्रक आल्यावर आम्ही दोघांनी नावातले एकेक अक्षर आणि जन्मतारीख जनरल रजिस्टरशी ताडून पाहिली. डाक सेवकांच्या यादीत तिचे नाव लागले नाही, गुण थोडे कमी पडले. पुढच्या वर्षी तेच गुणपत्रक घेऊन ती पुन्हा शाळेत आली आणि बाहेरून बारावीला बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म मागितला.

आपला,
एक सेवानिवृत्त शालेय लिपिक,
ता. पलूस, जि. सांगली